मदतपानाचं काम तिकिटाच्या पोटात

ऑर्डर रद्द केली की पैसे अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये परत येतात, असं आमच्या मदतपानावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते महिनाभरापासून थेट बँक खात्यात जात होते. कॉल सेंटरमधली माणसं मदतपान वाचूनच उत्तरं देत, त्यामुळे ग्राहक रिकामं वॉलेट बघून पुन्हा फोन करत. त्यांना झालेला मनस्ताप मला अजून खटकतो.

खरं तर मदतपान बदलायचं आहे हे लक्षात होतं. त्यासाठी वेगळं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, केलेलीही होती. पण आमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये चाले. फीचर पूर्ण होऊन ग्राहकांपर्यंत गेलं आणि मदतपानाचं तिकीट पुढच्या स्प्रिंटवर ढकललं गेलं. तिथे नवी फीचर्स वाट बघत होतीच. त्यांच्यापुढे चार ओळींच्या मजकुराचा नंबर कधी लागलाच नाही.

मग आम्ही जिरामध्ये हे काम फीचरच्या तिकिटाचंच सबटास्क केलं. जिरात सबटास्कला स्वतःचा वेगळा स्प्रिंट देता येत नाही. ते मूळ तिकिटाबरोबरच पुढे सरकतं. मात्र सबटास्क अपुरं असताना मूळ तिकीट बंद करायला जिरा आपणहून अडवत नाही. त्यासाठी अ‍ॅडमिनला वर्कफ्लोमध्ये `Sub-Task Blocking Condition` लावावी लागते. ती लावली की सबटास्क पूर्ण होईपर्यंत तिकीट बंद करण्याचा पर्यायच दिसत नाही.

सक्ती आली तशी पळवाटही आली. ‘डॉक्युमेंटेशन अपडेट करणे’ एवढंच नाव असलेली सबटास्क लोक नुसत्या क्लिकने बंद करू लागले. हे ओळखणं सोपं होतं: सबटास्क आणि मूळ तिकीट एकाच मिनिटाला बंद झालेलं असे आणि बदललेल्या पानाची लिंक कुठेच नसे. म्हणून नावातच नेमकं काम लिहायला लागलो: ‘रिफंडच्या पानावर वॉलेटऐवजी बँक खातं लिहिणे, किती दिवस लागतात ते सांगणे.’ लिंक दिल्याशिवाय ते पूर्ण धरायचं नाही, असं ठरलं. कच्च्या दोन ओळी फीचर बनवणाऱ्याने द्यायच्या, कारण बदल त्याला ठाऊक असतो. भाषा मी बघायची.

प्रत्येक तिकिटाला मजकूर लागतोच असं नाही. ग्राहकाला न दिसणारी आतली दुरुस्ती असेल तर ‘गरज नाही’ म्हणून सबटास्क बंद करायची मुभा ठेवली, पण कारण एका वाक्यात लिहून. नाहीतर लोक रिकाम्या नोंदी भरायला शिकतात.

एक अडचण मात्र उरते. सबटास्क मूळ तिकिटाच्याच प्रोजेक्टमध्ये असावं लागतं. लेखकांचा प्रोजेक्ट वेगळा असेल तर तिथल्या तिकिटाची नुसती लिंक जोडता येते, आणि ही अट लिंककडे बघत नाही. आम्ही अशा वेळी फीचरखाली छोटं सबटास्क ठेवतो आणि पान प्रसिद्ध झालेलं स्वतः बघूनच ते बंद करतो.