शेवटापासून मागे

सेलूच्या वर्गात नामांतराची कथा मी उलटी सांगतो. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, हे आधीच सांगून टाकतो. शेवट कळला की ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न संपतो. त्याच्या जागी ‘असे का झाले’ हा प्रश्न उभा राहिला नाही, तर ऐकणारे जांभया देतात.

मग मागे जातो, ऑगस्ट १९७८ मध्ये. दलितांची घरे जळताहेत, तीही विद्यापीठ कधी न पाहिलेल्या खेड्यांत. पाटीवरच्या नावासाठी झोपडी का जाळावी? आणखी मागे २७ जुलै १९७८, विधिमंडळाचा नामांतराचा ठराव. पण हे निमित्त. येथेच थांबलो तर कथा फसते. त्याही मागे गावकीची कामे नाकारणारा, गायरान कसणारा बाप आहे, आणि बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयात, पुढच्या ‘मिलिंद’मध्ये, शिकायला गेलेला त्याचा मुलगा. झोपडी कोणाची होती, हे आता कळते.

प्रसंगांची रांग उलटी असली तरी प्रत्येक प्रसंग आतून सरळच सांगावा, आणि त्याचे साल आरंभीच द्यावे. नाहीतर ऐकणारा हरवतो. एकदा मी त्या बापलेकांचा उल्लेख घाईने सुरुवातीलाच करून बसलो. त्या दिवशी वर्गात एकानेही प्रश्न विचारला नाही.