स्वागताचं भाषण आणि पुढच्या रांगेतली मुलं

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळाचा गणपती पाहा, मांडणी साधारण एकच. चतुर्थी मंगळवारी आली तरी कार्यक्रम शनिवारी. जागा भाड्याने घेतलेल्या शाळेचं सभागृह. तिथे उघडी ज्योत चालत नाही, म्हणून आरतीच्या तबकात बॅटरीचे दिवे. पुढच्या रांगांत झब्बे आणि परकर-पोलकी घातलेली मुलं, मागे आईवडील, कडेला भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजीआजोबा, आणि मधूनमधून मराठी न येणारी जावई-सुना मंडळी. एवढ्या सगळ्यांसमोर चार मिनिटांचं स्वागत करायचं असतं, आणि ते करणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या तीन रांगांत बसलेली असते.

बहुतेक भाषणं पहिल्याच वाक्याला मुलांना गमावतात. ‘मंडळाच्या वतीने आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत’ हे वाक्य मुलाला कळत नाही, आणि आपण म्हणतो की त्याला मराठी येत नाही. ते खरं नसतं. तिकडे वाढलेल्या मुलाची मराठी ही घरातली मराठी असते. ये, बस, हात धू, अजून एक पोळी घे, आजीला फोन दे, किती पसारा केलास! हे त्याला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत आलं तरी. त्याने ‘उपस्थित’, ‘मान्यवर’, ‘वतीने’ कधी ऐकलेलंच नसतं, कारण जेवणाच्या टेबलाशी कोणी तसं बोलत नाही. तेव्हा इंग्रजीकडे वळण्याआधी मराठीच व्यासपीठावरून स्वयंपाकघरात उतरवावी. ‘या, बसा, पुढे जागा आहे. सगळे आलात, बरं वाटलं.’ एवढ्याने स्वागत होतं आणि पाच वर्षांच्या मुलालाही ते पोचतं.

मग इंग्रजी आणायची कुठे? सर्वात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे प्रत्येक मराठी वाक्यामागे त्याचं इंग्रजी. कानाला ती न्याय्य वाटते, पण भाषण दुप्पट लांबतं आणि मुलं फार लवकर शिकतात की मराठी वाक्य सोडून दिलं तरी चालतं, अर्थ मागून येणारच आहे. अमेरिकेतल्या द्विभाषिक वर्गांतही हाच अनुभव आला. शिक्षक लगोलग भाषांतर करू लागले की मुलं आपली भाषा येईपर्यंत कान बंद ठेवतात.

दुसरी पद्धत म्हणजे वाक्यातच सरमिसळ: ‘आज आपण सगळे टुगेदर सेलिब्रेट करूया, सो प्लीज एन्जॉय करा.’ आईवडिलांना ही सहज येते, कारण ऑफिस आणि घर यांच्यामध्ये ते दिवसभर अशीच बोलतात. शॅना पॉपलॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकोच्या लोकांचं बोलणं तपासलं होतं. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की एकाच वाक्याच्या आत दोन भाषा मिसळणारे लोक दोन्ही भाषांत पक्के असतात. कच्चे लोक वाक्य संपल्यावर भाषा बदलतात, किंवा शेवटी एखादा शब्द जोडतात. म्हणजे वाक्यातली सरमिसळ ही ज्याला दोन्ही येतात त्याची मजा आहे. ज्या मुलाची मराठी आधीच पातळ आहे, त्याला यात मराठीचे फक्त ‘करूया’ आणि ‘करा’ ऐकू येतात, अर्थ सगळा इंग्रजी शब्दांतून मिळतो. मुलांसमोर बोलताना भाषा बदलायची तर पूर्ण वाक्य, शक्यतो पूर्ण मुद्दा संपवून बदलावी.

एक भाषण असं बसवता येईल. पहिलं मिनिट फक्त मराठी, आणि तेही प्रश्नांचं. ‘आज आपल्याकडे कोण आलंय?’ उत्तर येतं, ‘बाप्पा!’ ‘त्याला खायला काय केलंय?’ ‘मोदक!’ ‘घरी कोणी कोणी मोदक केले? हात वर करा.’ हात वर झाले की मुलांना कळलंय की नाही याचा हिशेब वक्त्याला जागच्या जागी मिळतो. हात वर न जाता मुलं आईकडे वळून पाहू लागली, तर वाक्य लांब झालंय. ते तोडून पुन्हा विचारावं, भाषांतर करू नये.

दुसरं मिनिट आजीआजोबांचं. ‘पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून काही आजीआजोबा आलेत. मुलांनो, तुमच्या शेजारी आजी बसली असेल तर तिला नमस्कार करा.’ इथे मराठीला काम मिळतं. ती ऐकून मुलाला काहीतरी करावं लागतं, आणि शेजारच्या आजीचा चेहरा फुलतो.

तिसरं मिनिट सलग इंग्रजी, पण त्यात आधी मराठीत सांगितलेलं काहीच नको. ज्यांना मराठी येत नाही त्यांचं नीट स्वागत, आणि दीड दिवसाचा, पाच दिवसांचा गणपती म्हणजे काय, मूर्तीचं विसर्जन का करतात, आज दिवे बॅटरीचे का आहेत, अशी एखादी गोष्ट. किशोरवयीन मुलं इथे मान वर करतात, कारण प्रथमच कोणीतरी त्यांना कारण सांगतंय.

साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आहे, ही सूचनाही याच मिनिटात, स्वच्छ इंग्रजीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या ताटाशी भाषेचा प्रयोग करू नये. तीच ओळ खिचडीच्या भांड्याशेजारी पाटीवरही लिहावी, कारण उशिरा येणारे भाषणाला नसतात.

मात्र इंग्रजी भाग फक्त सूचनांचा झाला तर वेगळीच गंमत होते. अनेक कार्यक्रमांत मुलांशी इंग्रजीत बोललं जातं ते ‘धावू नका’, ‘शांत बसा’, ‘स्टेजवरून उतरा’ एवढंच सांगायला. कौतुक मराठीत आणि दटावणी इंग्रजीत, किंवा उलट. कुठलीही एक भाषा पोलिसाची होऊ नये. आणि ‘आमच्या मुलांची मराठी म्हणजे काय सांगू!’ हा विनोद तर व्यासपीठावरून कधीच करू नये. तो त्या मुलांना पूर्ण समजतो.

शेवटचं मिनिट पुन्हा मराठी, आणि आता माईक एखाद्या मुलाकडे. त्याने चार-पाच शब्दांची तीन वाक्यं म्हटली तरी पुष्कळ. इथे पालक हमखास रोमन लिपीतला कागद हातात देतात आणि घात होतो, कारण त्या लिपीत त आणि ट यांना एकच अक्षर. ‘वाट’ आणि ‘वात’ कागदावर सारखेच दिसतात, आणि मूल बिचारं दोन्ही इंग्रजी धाटणीने वाचतं. ळ आणि ण यांचीही तीच गत. त्यापेक्षा आजीच्या आवाजात ती तीन वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून आठवडाभर गाडीत ऐकवावीत. कानाने शिकलेलं वाक्य तोंडात नीट बसतं.

हे सगळं मुख्यतः लहान मुलांना लागू पडतं. बारा वर्षांच्या मुलीला ‘कोण आलंय?’ असं विचारलं तर ती डोळे फिरवेल, आणि तिचं बरोबरच आहे. त्या वयाला काम द्यावं. इंग्रजी मिनिट त्यांनाच लिहायला आणि बोलायला सांगावं. मूर्ती पाण्यात का सोडायची, याचं उत्तर शोधताना त्या आपणहून आजोबांना फोन करतात.

घरच्या मराठीचा हा उपाय सगळीकडे चालेल असंही नाही. तो मुलांच्या घरात मराठी बोलली जाते या गृहीतावर उभा आहे. मॉरिशसला मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात गेली. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि प्राथमिक शाळेत मराठी विषय शिकता येतो, पण रोजचं बोलणं मुख्यतः क्रिओलमध्ये. तिथल्या मुलाला मराठी भेटते ती पुस्तकात आणि पूजेत. त्याच्यासाठी ‘नमस्कार’, ‘स्वागत’, ‘प्रसाद’ हे शब्द ओळखीचे आणि ‘पुढे सरक, जागा दे’ परकं असू शकतं. तिथे स्वागत लिहिणाऱ्याने सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून करावी, आणि गोष्ट क्रिओलमध्ये सांगावी.