तीन अंड्यांचा केक, घरात अंडी दोनच. मग मैदा किती घ्यायचा?

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतलं एखादं स्वयंपाकघर धरा. रेसिपीत ३ अंडी, १८० ग्रॅम मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी १५० ग्रॅम, दीड चमचा बेकिंग पावडर. अंडी मात्र दोनच. अशा वेळी अनेक जण बाकी सगळं तेवढंच ठेवून थोडं दूध वाढवतात. मग कापताना केकचा भुगा होतो, कारण त्याला बांधून ठेवणारं अंडंच कमी पडलेलं असतं.

त्यापेक्षा जेवढं आहे, त्याला जेवढं लागतं त्याने भागा: २ ÷ ३. आता प्रत्येक जिन्नस ३ ने भागून २ ने गुणा. मैदा १२० ग्रॅम, साखर आणि लोणी १००-१०० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चमचा.

मैदाही ९० ग्रॅमच निघाला तर? त्याचं उत्तर येतं निम्मं. ते दोन तृतीयांशापेक्षा लहान, म्हणून सगळंच निम्मं करायचं. दीड अंड्यासाठी दुसरं अंडं फेटून, वजन करून अर्धं घ्या.

भांडंही बदलतं, हे बरेचदा राहून जातं. दोन अंड्यांच्या केकला ८ इंचीऐवजी साधारण साडेसहा इंची भांडं लागतं. मोठ्यातच ओतलं तर थर पातळ होऊन केक कोरडा पडतो. तेव्हा वेळेआधीच सुई टोचून बघा.