वायफायचं नाव आडनावावर नको, शेजाऱ्यासारखंही नको. राउटरला नाव देताना काय पाहावं?

गावोगावी फायबर आलं आणि घराघरात राउटर बसले. जोडणीला आलेला मुलगा विचारतो, "नाव काय टाकू?" घरचे पटकन आडनाव सांगतात. पण हे नाव घरापुरतं राहत नाही. राउटर ते सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत सांगत असतो, तेही उघडं. पासवर्ड नसला तरी रस्त्यावरच्या कोणाच्याही मोबाईलवर ते दिसतं.

एका भावकीच्या आळीचं उदाहरण घेऊ. मोबाईलवर वायफायची यादी उघडली की अशी नावं दिसतात:

```
Patil_Home
Patil Home
Patil_Gat214
9XXXXXXXXX
```

तिसऱ्या नावाने घराचा गट नंबर सांगितला. चौथ्याने तर मोबाईल नंबरच दिला (इथे आकडे झाकलेत). पहिल्या दोन नावांचा धोका वेगळा आहे. अनेक घरांत पासवर्ड म्हणून कर्त्या माणसाचा मोबाईल नंबर असतो, आणि तो नंबर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांकडे असतो. नावावरून घर कळलं की पासवर्डचा अंदाज बांधायला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण रोजची. पाहुणा `Patil Home` वर बोट ठेवतो, पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही, कारण ते नेट चुलत्याच्या घरचं असतं. रेंजच्या काड्या भरपूर आणि पासवर्ड मात्र चुकीचा दाखवत असेल, तर आधी नाव नीट वाचावं. दोन घरांची नावं अगदी सारखी असली तर मोबाईल ती एकच समजतो आणि जुनाच पासवर्ड चुलत्याच्या राउटरवर लावत बसतो.

कंपनीने दिलेलं मूळ नाव तसंच ठेवणंही बरं नाही. त्यात बऱ्याचदा कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव असतं. कोणता डबा आहे हे त्यावरून बाहेरच्याला कळतं.

मग नाव कसं असावं? घराशी संबंध नसलेला एक शब्द आणि दोन आकडे पुरतात. `Khandya73` किंवा `Palas-46` असं काही. खंड्या हा पक्षी, पळस हे झाड. पण दारात पळस असेल तर तो शब्द नको. आकडा घर नंबर, गाडीचा नंबर किंवा जन्मसाल नको. मुलांची नावं, दुकानाचं नाव, जातीचं, पक्षाचं नावही नको. शब्दाचं पहिलं अक्षर शेजाऱ्यांपेक्षा वेगळं ठेवावं, म्हणजे यादीत लगेच ओळखू येतं. नाव ठरवण्याआधी अंगणात उभं राहून यादी एकदा वाचून घ्यावी.

नाव इंग्रजी अक्षरांतच बरं. नावाला 32 जागा असतात. मराठीत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन जागा खाते, त्यामुळे दहाच चिन्हं मावतात. शिवाय काही जुन्या टीव्हीवर मराठी नावाचे नुसते चौकोन दिसतात. `Palas` आणि `palas` ही राउटरच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत, हेही लक्षात ठेवावं.

नाव बदलायचं तर राउटरच्या खालचा स्टिकर पाहावा. त्यावर `192.168.1.1` सारखा पत्ता आणि बहुतेक वेळा लॉगिनही असतं. मोबाईल त्याच वायफायवर ठेवून हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. पुढे `WLAN` किंवा `Wireless` मध्ये `SSID` असं लिहिलेलं असतं, तिथे नवं नाव टाकून `Apply` किंवा `Save` दाबावं. राउटर 2.4 आणि 5 अशा दोन्ही बँडचा असेल तर दोन्हीकडची नावं पाहावीत. एकीकडे जुनंच राहिलं तर काम अर्धं झालं. लॉगिन चालत नसेल तर जोडणीवाल्याकडून बदलून घ्यावं. मागचं रिसेटचं बटण दाबू नये, त्याने फायबरची सेटिंग पुसली जाऊन नेटच बंद पडू शकतं.

नाव बदललं की घरातले सगळे मोबाईल आणि टीव्ही सुटतात, ते पुन्हा जोडावे लागतात. गोठ्यावरचा कॅमेरा लोक विसरतात आणि त्याचं रेकॉर्डिंग बंद पडतं. त्यामुळे आधी वायफायवरच्या वस्तूंची यादी करावी आणि सवड असलेल्या दिवशीच हे काम काढावं.

काही जण नाव लपवण्याचा पर्याय निवडतात. त्याने फार साधत नाही. नाव लपवलं की घरचा मोबाईलच बाहेर गेल्यावर ते नाव पुकारत नेट शोधू लागतो. साधं, घराशी नातं नसलेलं नाव उघडं ठेवलेलं बरं.

अर्थात नाव म्हणजे कुलूप नव्हे. रेंज कुठे वाढते हे बघत चालणाऱ्याला राउटर कोणत्या घरात आहे ते कळतंच. त्यामुळे नाव बदलायला बसलात की मोबाईल नंबरवरचा पासवर्डही त्याच बैठकीत बदला. वस्तू नाहीतरी पुन्हा जोडायच्याच असतात.