मीटिंग चुकली, आता काय लिहायचं?

मीटिंग अकराची. घरमालक, आर्किटेक्ट आणि सुतार ऑनलाइन येऊन वीस मिनिटं थांबले. दरपत्रक समजावून सांगणारा मात्र आलाच नाही. दुपारी त्याचा मेसेज: ‘सॉरी, काही कारणाने जमलं नाही. गैरसोय झाली असल्यास क्षमस्व.’

गैरसोय तर झालीच होती! पुढे काय, हेही त्यात नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीच्या सहा घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७५५ जणांच्या प्रतिसादात सर्वांत वजनदार ठरलं ते चूक स्वतःकडे घेणं, त्याखालोखाल ती भरून काढण्याची तयारी. ‘माफ करा’ ही विनंती सर्वांत शेवटी.

त्या हिशेबाने हाच मेसेज असा होतो:

‘नमस्कार सर. आज अकराची मीटिंग मी चुकवली आणि आधी कळवलंही नाही. चूक माझीच. तुम्हा तिघांचा वेळ वाया गेला, त्याबद्दल माफी मागतो. दरपत्रक आज चारपर्यंत मेल करतो. उद्या सकाळी दहा किंवा संध्याकाळी पाच, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा पंधरा मिनिटांत समजावून सांगतो.’

कारण खरं असेल तर एका ओळीत जोडावं. ट्रॅफिकची कहाणी नको. आणि चार म्हटलं की मेल पावणेचारलाच गेलेला बरा, नाहीतर दुसरी माफी लिहावी लागते.

हाच माणूस दुसऱ्यांदा गैरहजर राहिला, तर मेसेज पुरत नाही. तेव्हा सरळ फोन करावा.