झोपाळू सूर्य, कामसू चांदोबा

तीन-चार वर्षांच्या मुलासाठीची झोपेची गोष्ट अगदी थोड्या घटनांवर उभी राहते. दिवसभर तापून दमलेला सूर्य जांभया देतो, तरी हटून बसतो: ‘अजून थोडा वेळ!’ डोंगराआडून चांदोबा म्हणतो, ‘सूर्यदादा, तू निजलास तरच माझा उजेड दिसेल.’ मग सूर्य लाल पांघरूण ओढतो आणि चांदोबा कामाला लागतो.

हट्ट सूर्याचा असल्यामुळे मुलाला आपलाच हट्ट ओळखू येतो, आणि रागावणारे मोठे माणूस गोष्टीत लागतच नाही. जांभई मात्र मुलाला लगेच लागेल असे नाही. दुसऱ्याचे पाहून जांभई येणे साधारण चौथ्या वर्षापासून दिसू लागते. त्याआधी सांगणाऱ्याचा हळूहळू मंदावणारा आवाजच अधिक उपयोगी.

खरी अडचण आकाशात आहे. सूर्य मावळताना चंद्र उगवतो तो फक्त पौर्णिमेच्या सुमारास. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, सकाळीही आकाशात रेंगाळतो आणि अमावास्येला दिसतच नाही. खिडकीतून पाहणारे मूल हे विचारतेच. तेव्हा गोष्टीत एक वाक्य वाढवता येते: आज चांदोबाची सुट्टी, कामावर चांदण्या आहेत.