कोटेशनच्या वरचं पान

इंटिरिअरचं कोटेशन आलं की आपण थेट शेवटची बेरीज पाहतो. त्यावर जोडलेलं पत्र मात्र वाचायचं राहून जातं, आणि पुढची बहुतेक भांडणं त्यातच दडलेली असतात.

समजा, टू बीएचकेचं काम चार लाखांचं आहे. चांगल्या पत्रात आधी मोजमाप सांगितलेलं असतं. सात फूट रुंद, सात फूट उंच कपाट म्हणजे दर्शनी भाग ४९ चौरस फूट. दर त्यावरच लागणार की आतल्या ड्रॉवरचे पैसे वेगळे? जीएसटी धरलाय का?

मग प्लायवूड. ओट्याखाली, सिंकजवळ आयएस ७१० प्रतीचं, पाण्याला टिकणारं प्लाय हवं. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चालतं. नुसतं ‘चांगल्या प्रतीचं प्लाय’ लिहिलं असेल तर सही करू नका. लॅमिनेट चिकटवण्याआधी प्रत्येक पत्र्यावरचा शिक्का बघून घ्या, नंतर तो झाकला जातो.

हप्ते तारखांना नव्हे, कामाला बांधलेले असावेत: आगाऊ १,६०,०००, सांगाडे उभे राहिल्यावर १,२०,०००, लॅमिनेट लागल्यावर ८०,०००. उरलेले ४०,००० बिजागऱ्या, चॅनेल तपासून ताबा घेतल्यावर. हा शेवटचा हप्ता फार लहान असला, तर किरकोळ दुरुस्त्यांसाठी सुतार पुन्हा फिरकत नाही.

‘४५ दिवसांत पूर्ण’ हे दिवस सहसा लॅमिनेटचा रंग नक्की केल्यापासून मोजतात. म्हणजे रंगावरून घरात पंधरा दिवस खल चालला, तर ते आपल्याच खात्यात.